थंबनेलची साक्ष आणि तिची मर्यादा



आजच्या भाषणासाठी मी विषय अगदी लहान निवडला आहे. लहान म्हणजे आकारानंही लहान, 160 पिक्सेल रुंद आणि 120 पिक्सेल उंच. डिजिटल कॅमेऱ्यानं काढलेल्या जेपीईजी फाईलच्या पोटात मुख्य फोटोखेरीज त्याच फोटोचं एवढंसं दुसरं चित्र दडलेलं असतं. त्याला आपण सगळे थंबनेल म्हणतो. फोटो कापला, त्यातलं काही पुसलं, आणि हे लहान चित्र जुनंच राहिलं, तर एकाच फाईलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगणारी दोन चित्रं सापडतात. ही विसंगती पुरावा म्हणून अहवालात येते, न्यायालयात मांडली जाते, बातमीतही झळकते. माझं म्हणणं असं आहे की हा पुरावा खरा आणि भक्कम आहे, पण तो जे सिद्ध करतो त्यापेक्षा जास्त आपण त्याच्याकडून वदवून घेतो. विसंगती एवढंच सांगते की ही दोन चित्रं आता एकाच मूळ चित्राची राहिलेली नाहीत. ‘छेडछाड’ हा शब्द त्याच्या बराच पुढचा आहे आणि तिथवर जाण्यासाठी वेगळी कष्टाची वाट चालावी लागते.

आधी हे चित्र फाईलमध्ये कुठे बसतं ते पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्या जागेवर उभा आहे. जेपीईजी फाईल FF D8 या दोन बाइटांनी सुरू होते. त्यानंतर लगेच FF E1 या खुणेनं सुरू होणारा एक कप्पा येतो आणि त्याच्या कपाळावर Exif असं लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ, शटरचा वेग ही सगळी माहिती त्यात असते. माहितीची पहिली यादी मुख्य फोटोची असते. त्या यादीच्या शेवटी दुसऱ्या यादीचा पत्ता दिलेला असतो आणि ही दुसरी यादी थंबनेलची असते. थंबनेल कुठल्या बाइटपासून सुरू होतं आणि किती बाइटांचं आहे, हे तिथे दोन आकड्यांत नोंदलेलं असतं. त्या पत्त्यावर गेलं की आणखी एक पूर्ण जेपीईजी मिळते, स्वतःच्या FF D8 पासून सुरू होणारी आणि स्वतःची संकोचनाची कोष्टकं बाळगणारी. हा सगळा कप्पा सुमारे 64 किलोबाइटपेक्षा मोठा होऊ शकत नाही, म्हणून थंबनेलही लहानच ठेवावं लागतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर शंभर फोटो पटापट दाखवता यावेत, त्यासाठी प्रत्येक मोठी फाईल उलगडत बसावं लागू नये, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. 160 गुणिले 120 हे माप कॅमेरा उद्योगानं एकमेकांच्या फाईली वाचता याव्यात म्हणून ठरवलेल्या प्रमाणातून आलं. साक्ष देण्यासाठी हे चित्र कुणी ठेवलेलं नाही, आणि त्याच्या साक्षीला वजन आहे ते नेमकं त्यामुळेच.

आता विसंगती निर्माण कशी होते ते पाहू. फोटो संपादित करणारा प्रोग्रॅम मुख्य चित्र उलगडतो, त्यावर काम करतो आणि ते नव्यानं संकोचून लिहितो. माहितीच्या कप्प्याचं काय करायचं हा प्रश्न त्याच्यापुढे उरतो. नीट लिहिलेला प्रोग्रॅम कप्पा उघडतो, मापं दुरुस्त करतो आणि नवं थंबनेल घालतो. आळशी किंवा घाईत लिहिलेला प्रोग्रॅम जुना कप्पा उचलून जसाच्या तसा नव्या फाईलला चिकटवतो. कुणालाही हे पाच मिनिटांत स्वतः करून बघता येईल. 6000 गुणिले 4000 पिक्सेलचा, कॅमेऱ्यातून थेट उतरवलेला कुठलाही फोटो घ्या आणि पायथनच्या पिलो या लायब्ररीत या तीन ओळी चालवा.

```
from PIL import Image
im = Image.open("photo.jpg")
im.crop((1200, 0, 6000, 3200)).save("crop.jpg", exif=im.info["exif"])
```

डावीकडचे 1200 आणि खालचे 800 पिक्सेल कापून 4800 गुणिले 3200 चा नवा फोटो तयार होतो. माहितीचा कप्पा मात्र जुनाच राहतो. मुख्य चित्राची रुंदी त्यात अजून 6000 लिहिलेली असते आणि थंबनेलमध्ये कापलेला भाग शाबूत असतो. अशीच चूक माणसांच्या हातूनही पूर्वीपासून होत आली आहे. 2003 साली अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी निवेदिकेनं कापून प्रसिद्ध केलेल्या फोटोंच्या थंबनेलमध्ये न कापलेलं चित्र राहून गेलं आणि ते जगभर पसरलं. छायाचित्र संपादकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नं मनाई आहे. मुख्य फोटोत चेहरा धूसर केला आणि थंबनेलमध्ये तो तसाच राहिला, तर जवळून काढलेल्या फोटोत 160 पिक्सेलही ओळख पटायला पुरतात.

वरच्या तीन ओळींनी तयार होणारी फाईल आपण तपासायला आली आहे असं धरू आणि ती वाचू. रस्त्यावरच्या अपघाताचा फोटो आहे अशी कल्पना करा. पहिलं काम म्हणजे मूळ फाईलचा हॅश काढून नोंदवणं आणि प्रतीवरच काम करणं. फोटो सहज डबल क्लिक करून उघडण्याचा मोह टाळावा. काही दर्शक प्रोग्रॅममध्ये फोटो फिरवण्याचं बटण चुकून दाबलं गेलं तरी फाईल नव्यानं लिहिली जाते. मग माहितीची यादी आणि आतली सगळी लहान चित्रं बाहेर काढायची. फिल हार्वी यांचं एक्झिफटूल त्यासाठी पुरेसं आहे.

```
exiftool -a -G1 -s crop.jpg
exiftool -a -b -W %d%f_%t%-c.%s -preview:all crop.jpg
```

‘सगळी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. काही कॅमेरे या छोट्या थंबनेलखेरीज आणखी मोठं पूर्वदृश्य फाईलमध्ये ठेवतात, कधी दीड हजारांहून जास्त पिक्सेल रुंदीचंही. ते बरेचदा मुख्य चित्र संपल्यानंतर फाईलच्या शेपटाला जोडलेलं असतं. संपादनात ते बहुतेक वेळा गळून पडतं, पण राहिलं असेल तर थंबनेलपेक्षा कितीतरी जास्त बोलतं. फोटोशॉपही स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात आपलं थंबनेल ठेवतं. एक लहान चित्र मिळालं म्हणून तिथेच थांबणारा तपासनीस अर्धी फाईल न वाचताच मिटतो.

आपल्या नमुन्यात एकच थंबनेल मिळतं. ते उघडल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे चित्राच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या. नवशिक्या माणूस इथेच ‘हे कापलंय’ म्हणून लिहून मोकळा होतो. पट्ट्यांचं कारण साधं आहे. थंबनेलचा साचा चारास तीन या प्रमाणाचा आणि कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या प्रमाणाचा. 160 रुंदीला तीनास दोनप्रमाणे सुमारे 107 उंची येते, उरलेल्या 13 ओळी कॅमेरा वर आणि खाली सहा-सात अशा वाटून काळ्या करतो. कॅमेरा सोळास नऊ या प्रमाणावर लावलेला असता तर चित्र 90 ओळींचं आणि प्रत्येक पट्टी 15 ओळींची झाली असती. म्हणजे पट्टीची जाडी मोजली की काढताना फोटोचं प्रमाण काय होतं ते कळतं. छेडछाडीबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता मोजमाप. 6000 पिक्सेल 160 मध्ये बसवले म्हणजे प्रमाण साडेसदतीस झालं. थंबनेलमध्ये रस्त्याकडेचा विजेचा खांब डावीकडून चाळिसाव्या पिक्सेलवर आहे आणि दिशादर्शक फलकाची कड एकशे विसाव्या पिक्सेलवर. दोहोंत 80 पिक्सेलचं अंतर, म्हणजे मूळ फोटोत 3000. समोरच्या 4800 रुंदीच्या मुख्य फोटोतही खांब आणि फलक यांच्यात 3000 पिक्सेलच भरतात. त्यावरून चित्र लहान-मोठं केलेलं नाही हे कळलं. खांब मात्र मूळ हिशेबानं 1500 व्या पिक्सेलवर हवा होता, तो आता 300 वर आहे. डावीकडचे 1200 पिक्सेल गेले आणि रुंदीतला फरकही नेमका तेवढाच, म्हणजे उजवी बाजू शाबूत आहे. उभ्या दिशेनं हाच हिशेब, काळ्या पट्टीच्या ओळी वजा करून, केला की वरची कड जागेवर आणि खालून 800 गेल्याचं दिसतं. थंबनेलच्या डाव्या 32 स्तंभांत आणि खालच्या 21 ओळींत काय आहे हे आता पाहायचं. तिथे एक पांढुरकी आकृती आहे, वाहनासारखी, 20 पिक्सेल रुंद. आकडे इतके नेटके आले ते नमुना आपणच घडवला म्हणून. प्रत्यक्षात थंबनेलवर एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर मुख्य फोटोत सदतीस पिक्सेलची चूक येते, आणि अहवालात ती चूक लिहिलीच पाहिजे. ‘डावीकडून 1200’ असं लिहिण्यापेक्षा ‘डावीकडून सुमारे 1150 ते 1250’ हे खरं विधान आहे.

या नमुन्यात एक बारीक गोष्ट आहे, तज्ज्ञ मंडळींनी ती हेरली असेल. 1200 ला आठानं भाग जातो. जेपीईजी चित्र आठ बाय आठच्या चौकटींत संकोचलं जातं आणि कापताना या चौकटी सरकल्या तर त्याचे ठसे मुख्य चित्रात शोधता येतात. इथे चौकटीवर चौकट तंतोतंत बसते, त्यामुळे ती परीक्षा गप्प राहील आणि थंबनेल तरीही बोलेल. लहान चित्राची साक्ष स्वतंत्र आहे असं मी म्हणतो ते या अर्थानं.

हे झालं कापण्याचं. पुसण्या-जोडण्याचं काय? त्यासाठी मुख्य फोटो 160 पिक्सेलवर आणून थंबनेलमधून वजा करतात आणि फरकाचं चित्र पाहतात. हा फरक कधीच शून्य येत नाही. कॅमेरा थंबनेल बनवताना चित्र आधी मऊ करतो, लहान करतो, मग कडा धारदार करतो, कधी प्रकाशमानही बदलतो आणि शेवटी बऱ्यापैकी जोरात संकोचतो. आपण लहान केलेल्या चित्रावर नेमके तेच संस्कार झालेले नसतात. म्हणून फरकाच्या चित्रात प्रत्येक वस्तूची पुसट कड सगळीकडे उमटते, ताज्या न बदललेल्या फोटोतही. सगळीकडे सारखी पसरलेली ही जाळी निरोगी आहे. शंका घ्यायची ती एकाच जागी साचलेल्या डागाची, जिथे कडेचा नव्हे, भरीव आकाराचा फरक आहे आणि आजूबाजूला शांतता आहे.

पण इथे मर्यादा फार कडक आहे आणि ती पिक्सेलमध्ये सांगता येते. थंबनेलचा एक पिक्सेल मुख्य फोटोतल्या सुमारे 1400 पिक्सेलची सरासरी असतो. फोटोत गाडीची नंबरप्लेट 250 पिक्सेल रुंद असेल तर थंबनेलमध्ये ती सात पिक्सेलांहूनही कमी भरते. आपल्याकडच्या ‘MH 12’ ने सुरू होणाऱ्या नंबरात साधारणपणे दहा अक्षरं-आकडे असतात. दहा अक्षरं सात पिक्सेलांत. तीनाचा आठ केला तर थंबनेलमध्ये त्याचा मागमूसही राहणार नाही. माझ्या मते थंबनेलच्या तीन-चार पिक्सेलांपेक्षा लहान फरकावर कुणी विधान करू नये, कारण त्या मापाला संकोचनाचे ओरखडे आणि खरा बदल यांत फरक करता येत नाही. मोठं पूर्वदृश्य हाती असेल तर मात्र चित्र पालटतं. 1600 पिक्सेल रुंदीच्या पूर्वदृश्यात तीच प्लेट साठ-सत्तर पिक्सेलांची असते आणि तीन की आठ हा प्रश्न निदान विचारता तरी येतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण उलटतपासणीत तेच येतात आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप निर्दोष कारणांचा. कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो नंतर सरळ केला की मुख्य चित्र उभं आणि थंबनेल आडवं अशी फाईल सर्रास तयार होते. एखाद्या वृत्तपत्राच्या कार्यालयात रोज शेकडो फोटो आपोआप ठराविक मापाला कापणारा प्रोग्रॅम वरच्या तीन ओळींसारखाच असू शकतो आणि त्या कात्रीमागे कुणाचाही हेतू नसतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच अहवालात ‘बदल’ लिहावा आणि ‘छेडछाड’ लिहू नये असा माझा आग्रह आहे. हेतू थंबनेलमध्ये नसतो. कापलेल्या भागात काय होतं, फाईल कुणाच्या ताब्यातून गेली, आणि ‘हा मूळ फोटो आहे’ असं कुणी शपथेवर म्हटलं का, या गोष्टींतून तो न्यायालय ठरवेल. तज्ज्ञानं मात्र आणखी एक पाऊल टाकलं पाहिजे. निर्दोष कारणांची नावं घेऊन, त्यातली कुठली या फाईलला लागू पडतात आणि कुठली नाहीत, हे सांगितलं पाहिजे. नव्वद अंशांत फिरवल्यानं डावीकडचे 1200 पिक्सेल जात नाहीत. लेन्सची वक्रता कॅमेऱ्यानं दुरुस्त केली तर कडा थोड्या आत येतात, पण चारही बाजूंनी सारख्या येतात. अशा एकेका वाक्यानं अहवालाला बळ येतं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. थंबनेल मूळ आणि मुख्य चित्र बदललेलं, हे कशावरून? उलटही असू शकेल. बरोबर. थंबनेल बदलणं मुळीच कठीण नाही, एका ओळीचं काम आहे.

```
exiftool "-ThumbnailImage<=thumb.jpg" photo.jpg
```

त्याशिवाय दुसऱ्याच कुठल्या फोटोची फाईल पाया म्हणून घेऊन तिच्यावर नवं चित्र बसवलं तर थंबनेल सर्वस्वी वेगळ्याच प्रसंगाचं निघतं आणि तारीखही त्याच परक्या फोटोची. दोहोंत जुनं कोणतं हे चित्राकडे पाहून ठरत नाही, थंबनेलची घडण पाहून ठरवावं लागतं. एरिक की आणि हॅनी फरीद यांनी 2010 साली हाच मार्ग दाखवला. थंबनेल घडवताना होणारे गाळणी, लहान करणे, धार लावणे, प्रकाशमान बदलणे, संकोचणे हे संस्कार उलट दिशेनं अंदाजून काढता येतात, आणि ते कॅमेऱ्यागणिक आणि संपादन प्रोग्रॅमागणिक इतके वेगळे असतात की तीच त्या थंबनेलची सही ठरते. साध्या डोळ्यांनीही यातलं थोडं वाचता येतं. काळ्या पट्ट्यांचं थंबनेल देणाऱ्या कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये पट्ट्या नसलेलं 160 गुणिले 107 चं थंबनेल सापडलं, तर मुख्य फोटोशी ते अगदी तंतोतंत जुळत असूनही कॅमेऱ्यानं घडवलेलं नाही. फोटोशॉप जतन करताना नवं थंबनेल बनवतं आणि ते अशाच चित्राच्या प्रमाणातलं, पट्ट्यांविना असतं. इथे विसंगती शून्य आहे, तरीही फाईल नव्यानं लिहिली गेल्याचा पुरावा समोर आहे. जुळणाऱ्या थंबनेलकडे पाठ फिरवणाऱ्यांसाठी मी हे सांगतो.

जुळण्याचा उल्लेख आला म्हणून तिसरा मुद्दा. ‘थंबनेल जुळतं, म्हणून फोटो खरा’ असं उलटं अनुमान अहवालांत डोकावतं. ते पूर्ण चुकीचं आहे. जुळणं म्हणजे बदल झाला नसेल, किंवा बदलानंतर थंबनेल नव्यानं बनलं असेल, किंवा बदल चार पिक्सेलांहून लहान असेल. या तिन्हींत निवड करायला जुळणं मदत करत नाही. तसंच थंबनेल नसण्याचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र नव्यानं संकोचलं जातं आणि माहितीचा कप्पा गळतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाईल जशीच्या तशी पोहोचते. थंबनेल नसलेल्या फाईलवरून एवढंच कळतं की ती बहुधा कॅमेऱ्यातून थेट आलेली नाही. त्यापुढचं काम मूळ कार्ड किंवा फोन मिळवण्याचं आहे.

चौथा आक्षेप वकीलमित्रांकडून येतो. प्रमाणपत्र आहे, हॅश जुळतो, मग हा खटाटोप कशाला? भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात आता हॅश नोंदवावा लागतो आणि त्यातला एक भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. ही मोठी सुधारणा आहे. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून उभा राहिलेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेलं नसेल तर जुन्या कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे त्यात ठरलं. पण हॅश ज्या क्षणी घेतला त्या क्षणापासून पुढची हमी देतो. फाईल त्याआधीच कापलेली असेल तर हॅश त्या कापलेल्या फाईलचीच निष्ठेनं राखण करेल. वरच्या तीन ओळींनी तयार झालेल्या crop.jpg चं प्रमाणपत्र सर्व बाजूंनी निर्दोष करता येईल, हॅश शंभर वेळा जुळेल, आणि थंबनेलमधली वाहनासारखी पांढुरकी आकृती तरीही आत बसलेली असेल. हॅश आणि थंबनेल वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात, म्हणून एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

यावरून आपल्या नमुन्याचा निष्कर्ष मी कसा लिहीन ते सांगतो. ‘मुख्य चित्र 4800 गुणिले 3200 पिक्सेलचं आहे, माहितीत रुंदी 6000 नोंदलेली आहे. थंबनेलची घडण संदर्भ फोटोंशी जुळते, म्हणून ते याच कॅमेरा प्रकारानं घडवलं असल्याशी सुसंगत आहे. थंबनेलमध्ये मुख्य चित्राच्या डावीकडे आणि खाली अतिरिक्त दृश्य आहे. चित्र काढल्यानंतर डावीकडून सुमारे 1150 ते 1250 आणि खालून सुमारे 750 ते 850 पिक्सेल काढून टाकलेले आहेत. काढून टाकलेल्या भागात वाहनासारखी फिकट आकृती आहे, तिचा प्रकार, रंगाची नेमकी छटा आणि नोंदणी क्रमांक या मापाला ठरवता येत नाही. उरलेल्या चित्रात थंबनेलवर चार पिक्सेलांहून मोठा स्थानिक बदल आढळला नाही, त्याहून लहान बदलाबद्दल ही परीक्षा मत देऊ शकत नाही.’ यात हेतूबद्दल एकही शब्द नाही. बचावाच्या वकिलाला यातलं एकही वाक्य मागे घ्यायला लावता येणार नाही, आणि फिर्यादीला हवी असलेली आकृती मात्र त्यात उभी आहे.

या निष्कर्षातलं दुसरं वाक्य लिहायचं तर ‘संदर्भ फोटो’ हाती असावे लागतात, आणि आपल्याकडे नेमकी तिथेच ओढाताण होते. इंटरनेटवरून त्याच मॉडेलचे फोटो उतरवून भागत नाही. त्या वाटेवर कुणीतरी ते आधीच नव्यानं जतन केलेले असू शकतात, आणि कॅमेऱ्याचं अंतर्गत सॉफ्टवेअर बदललं की थंबनेलची घडणही बदलू शकते. म्हणून जप्तीच्या वेळी फक्त कार्ड नको, कॅमेराही हवा. तपास अधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे की मूळ कार्ड पंचांसमक्ष काढून सीलबंद करा, त्याला पुन्हा हात लावू नका. मुद्देमाल प्रयोगशाळेत आला की तिथल्या माणसानं त्याच कॅमेऱ्यात कोरं कार्ड घालून, प्रमाणाखेरीज कुठलंही सेटिंग न बदलता, दहा-बारा फोटो काढावेत: आडवे, उभे, उजेडातले, अंधुक, आणि कॅमेऱ्यात उपलब्ध असलेल्या प्रत्येक प्रमाणातला निदान एक. त्या कोऱ्या कार्डाचाही हॅश घ्यावा आणि ते वेगळ्या पाकिटात, वेगळ्या निशाणी क्रमांकानं, मूळ कार्डासोबतच न्यायालयात पाठवावं.